‘डी’ दर्जाचं गाव

यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत कापसाच्या जिनिंगची, म्हणजे सरकी वेगळी काढायची, यंत्रं बनवणारी एक कंपनी आहे. सुनीती मुळावकर तिथे अकरा वर्षं नोकरीला होती. तिच्या टेबलावर पाटी नव्हती, पण कंपनीतल्या ज्या कुणाला परदेशी पाठवायचं असे, तो आधी तिच्यासमोर येऊन बसायचा. यंत्र विकलं की ते उभं करायला आणि पहिले दोन-तीन हंगाम चालवायला माणसं लागतात. अशी चौदा-पंधरा माणसं कायम बाहेर असत. त्यांना तिथे काय मिळेल, कशासाठी मिळेल आणि कधी बंद होईल, हे सगळं सुनीतीच्या हातात होतं. म्हणजे कागदावर होतं, आणि तो कागद ती लिहायची.

ती अविवाहित होती. वडील कमलाकरराव जिल्हा कोषागारातून निवृत्त झालेले. आर्णी रोडवरच्या दोन खोल्यांच्या घरात दोघंच राहत. काम ती चोख करी. तिच्या हिशेबात चूक सापडली असं ऑफिसात कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. मी तिच्या शेजारच्या खोलीत, खरेदी विभागात होतो, म्हणून सांगतो.

अफरोज खान तिच्यासमोर पहिल्यांदा आला तो २०२२च्या मे महिन्यात. केळापूरचा. बाप सरदारभाई ट्रॅक्टरचे मेकॅनिक, पोरगा आयटीआय करून जिनिंगचा फिटर झाला आणि आपल्या हुशारीवर सर्व्हिस इंजिनिअरच्या हुद्द्यावर चढला. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात कंपनीला मोठं काम मिळालं होतं. त्या देशाचं नाव सांगत नाही. या गोष्टीत त्या देशातल्या माणसांनी काही वाईट केलेलं नाही. राजधानीपासून दोनशे ऐंशी किलोमीटरवर कापसाचं एक गाव, तिथे जिन उभी करायची, तीन वर्षं राहायचं. बरोबर बायको कहकशां आणि सहा वर्षांची मुलगी रौशन जाणार; दोघी त्या दिवशी ऑफिसातही आल्या होत्या.

सुनीतीने त्याला एकेक गोष्ट समजावली. इथला मूळ पगार चालूच राहणार, त्यावरच भविष्यनिर्वाह निधी कापला जाणार. घरभाडं कंपनी परस्पर घरमालकाला देणार. रौशनची फी परस्पर शाळेत जाणार. घरखर्चाचा भत्ता कुटुंबात माणसं किती यावर. तुम्ही तिघे, म्हणून तीनचा आकडा. आणि गावाच्या दर्जाप्रमाणे खडतर भत्ता. ए ते ई असे पाच दर्जे. तुमचं गाव डी. मूळ पगाराच्या पंचवीस टक्के.

“मंग ई म्हंजे?” अफरोजने विचारलं.

“पस्तीस टक्के. पण तिथे कुटुंब नेता येत नाही. कुटुंब आधीच गेलेलं असेल तर कंपनीने ते परत आणायचं. त्यांचं इथलं भाडं, इथली शाळा कंपनीकडे. तुम्ही एकटे राहायचं.”

“म्हंजे डी परेंत बायको-पोरगी सेफ हायेत, असंच ना?”

“असंच,” सुनीती म्हणाली.

शेवटी तो कराच्या रकान्यावर अडला. “मॅडम, मी तं इथं राह्यनारच नाही. मंग हा इथला टॅक्स कायले कापून राह्यले?”

“हा खरा टॅक्स नाही. तुम्ही इथेच असता तर जेवढा कर भरला असता, तेवढा आपण पगारातून बाजूला काढतो. तिथला खरा कर जितका येईल तितका कंपनी भरणार. तिथे तुमचं घर, मुलीची फी, हे सगळं तुमचं उत्पन्न धरतात आणि त्यावरही कर लावतात. तो तुमच्यावर टाकला तर भत्ता त्यातच जाईल. म्हणून ही तोड. बाहेर गेल्यामुळे कराचा फायदाही तुम्हाला नाही, तोटाही नाही.”

त्याने कागद पुढे ओढला. “तुमी म्हनता तं बराबर असन,” म्हणाला, आणि सही केली. जाताना कहकशांने सुनीतीला केळापूरला यायचं आमंत्रण दिलं. रौशनने टेबलावरची पिन-डबी सांडली आणि खाली बसून एकेक पिन परत भरली.

दोन वर्षं बरी गेली. जिन उभी राहिली. गावात फ्रेंच शाळा होती, रौशन भराभर फ्रेंच बोलू लागली. शेजारच्या घरात दिग्रसकडचा देवीलाल राठोड आणि त्याची बायको जया राहत. त्यांना दोन मुलगे. जयाची आणि कहकशांची चूल जवळजवळ एकच झाली होती. आणखी एक कुटुंब होतं, आणि तिघे एकटे पुरुष. दर महिन्याला पगाराची चिठ्ठी गेली की अफरोज सुनीतीला ‘मिली मॅडम’ एवढं लिहायचा.

२०२४च्या पावसाळ्यानंतर तिकडे बिघडायला लागलं. हत्यारबंद टोळ्या रस्त्यावर गाड्या अडवायच्या. ऑक्टोबरात गावातला मिशनऱ्यांचा दवाखाना बंद झाला; डॉक्टर राजधानीत निघून गेले. राजधानीचा रस्ता फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, लष्कराच्या गाड्यांच्या ताफ्याबरोबर, उघडा राहू लागला.

गावांचा दर्जा कंपनी स्वतः ठरवत नसे. बाहेरची एक संस्था वर्षातून दोनदा अहवाल पाठवी: सुरक्षा, दवाखाना, पाणी, शाळा, रस्ता, प्रत्येकाला गुण. ते वाचून सुनीती दर्जाचा तक्ता भरी आणि त्यावर सही करी. तो तक्ता एक जानेवारीपासून आणि एक जुलैपासून लागू होई. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अहवाल आला. त्या गावासमोर स्पष्ट लिहिलं होतं: ई. खाली एक ओळ होती: कुटुंबांनी येथे राहू नये, तातडीच्या उपचारांची सोय नाही.

सुनीती अहवाल घेऊन सलील सरांकडे गेली. सलील टेंभेकर मनुष्यबळ विभागाचे प्रमुख. ओरडणारे नव्हते, उलट मऊ बोलायचे. त्यांनी अहवाल दोनदा वाचला.

“तीन कुटुंबं आणायची म्हणजे तिकिटं, इथली भाडी, तिथल्या शाळांची भरलेली फी बुडणार,” ते म्हणाले. “ते मी काढेन कसंतरी. पण सुनीती, त्या गिऱ्हाइकाचा शेवटचा मोठा हप्ता मार्चमध्ये आहे. आपण कुटुंबं हलवली की त्यांची बँक दुसऱ्या दिवशी विचारेल, काम अर्धवट टाकून जाताय का? हप्ता अडकला तर इथल्या शंभर माणसांचे पगार लटकतील.”

“पण सर, दवाखाना बंद आहे.”

“विमा आहे ना. विमान जातं उचलायला. जानेवारीच्या तक्त्यात डीच ठेव. एप्रिलमध्ये, जुलैची वाट न पाहता, मी स्वतः ई करायला सांगतो. चार महिन्यांचा प्रश्न आहे.”

“हे लिहून द्याल?”

ते हसले. रागाने नाही. “लिहून द्यायचं असतं तर तुला बोलावलं नसतं.”

सुनीतीने तक्ता भरला. त्या गावासमोर डी लिहिलं आणि खाली सही केली. अहवाल खणात ठेवला. तिने मला नंतर सांगितलं की त्या दिवशी तिला फार वाईट वाटलं असंही नाही. शंभर पगारांचं कारण तिला खरंच पटलं होतं. आणि चार महिने म्हणजे काय, असंही वाटलं होतं.

डिसेंबरात जयाचा निरोप आला, मोबाइलवर, आवाजातला. “मॅडम, इथला दवाखाना बंद झाला. परवा बारक्याले ताप आला तं आमी निस्ते पान्याच्या पट्ट्या ठेवत बसलो. आमाले कधी आनता? दर्जा बदलनार हाय म्हनून हे म्हनत होते.” सुनीतीने दोनदा ऐकला. उत्तर लिहिलं: ‘पाहते.’

जानेवारीच्या चोवीस तारखेला, शुक्रवारी, ताफा निघून गेल्यावर दुपारी कहकशांच्या पोटात दुखायला लागलं. शनिवारी ताप चढला. देवीलालने गावातल्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. रविवारी पोट दगडासारखं कडक झालं. अफरोजने विमावाल्यांना फोन केला. त्यांनी डॉक्टरचं पत्र मागितलं, रुग्णाला हलवणं गरजेचं आहे असं. गावात डॉक्टर नव्हता. तो धावपट्टीवर गेला; ती लष्कराने बंद केली होती. मग त्याने नाक्यावरच्या सैनिकांचे पाय धरले. ते म्हणाले, मंगळवारी. सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला कहकशां गेली. जया तिच्या उशाशी होती. कहकशां चौतीस वर्षांची होती. पोटातलं काही तरी फुटलं असावं, असं राजधानीतल्या डॉक्टरने नंतर फोनवर ऐकून सांगितलं. वेळेवर पोचली असती तर साधं ऑपरेशन होतं.

मयत भारतात आणणं शक्यच नव्हतं. गावातल्या मुसलमानांनीच खांदा दिला आणि तिथल्याच कबरस्तानात तिला पुरलं. तेरा दिवसांनी, नऊ फेब्रुवारीला, अफरोज रौशनला घेऊन राजधानीतून विमानात बसला. कंपनीची परवानगी त्याने मागितली नाही.

इकडे सुनीतीच्या संगणकावर काम आपोआप येऊन पडलं. कुटुंबातल्या माणसांची संख्या बदलली की घरखर्चाचा भत्ता बदलावा लागतो, मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून. तिने तीनचा आकडा खोडून दोन केला. आकडा केला आणि ती उठून बाहेर गेली. कारखान्याच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली ती मला दिसली. मी विचारलं, “बरं वाटत नाही का?” ती म्हणाली, “ट्रक जाऊ दे, मग बोलते.” ट्रक गेला. ती वळून आत निघून गेली.

आठवड्याने सलील सरांनी तिला अफरोजच्या हिशेबाचं पत्र करायला सांगितलं. नियमावलीत एक कलम होतं. माणूस नेमणूक मध्येच स्वतःच्या मर्जीने सोडून आला तर जाण्या-येण्याचा खर्च आणि चालू वर्षाची शाळेची फी त्याच्याकडून वसूल होते. शिवाय ज्या वर्षाचं करविवरण तिथे अजून भरायचं आहे, त्या वर्षाच्या कराची हमी कंपनी काढून घेते. इथे बाजूला काढलेले पैसे परत देते आणि तिथला खरा कर त्याचा त्याने भरायचा. तो कर कितीतरी जास्त होता, कारण त्यात घराचं भाडं आणि रौशनची फी उत्पन्न म्हणून मोजलेली होती. ज्या घरात कहकशां मेली, त्या घराच्या भाड्यावरचा कर अफरोजने भरायचा होता.

पण त्याच नियमावलीत पुढचंच कलम होतं. गाव ई दर्जाचं असेल तर तिथून परत येणं हे मर्जीने येणं नाही, कंपनीने माघारी आणणं आहे. मग वसुली नाही, कराची हमी कायम, आणि मुलाची इथली शाळा नेमणुकीची मुदत संपेपर्यंत कंपनीकडे. सगळं एका अक्षरावर होतं, आणि ते अक्षर सुनीतीने लिहिलेलं होतं.

तिने ते कलम दाखवलं. “ते वरच्यांकडे अडलंय,” सलील सर म्हणाले. “मीही माणूस आहे. पण त्याला मर्जीने आलेला नाही म्हटलं, तर विचारतील की मग ई कधीपासून होतं. तू पत्र कर. हप्ते मी सोपे लावून देतो.”

त्या संध्याकाळी तिने वडिलांना सगळं सांगितलं. कमलाकररावांनी छत्तीस वर्षं कोषागारात बिलं तपासली होती. त्यांनी एकच विचारलं. “तक्त्यावर सही कोणाची?”

“माझी.”

“त्या सलीलची नाही?”

“नाही.”

“मग त्याचं तोंड कायले पाहतेस,” ते म्हणाले, आणि ताटावरून उठले. भात तसाच राहिला.

सुनीतीने पत्र केलं नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, अहवालाची प्रत घेतली आणि एसटीने पांढरकवड्याला गेली. तिथून ऑटोने केळापूर. सरदारभाईंचं वर्कशॉप रस्त्याला लागूनच आहे. एका ट्रॅक्टरचं इंजिन उघडं पडलेलं होतं आणि बापलेक दोघं त्याच्यापाशी बसलेले. अफरोज उठला. दाढी वाढलेली, अंगावर कंपनीचाच निळा शर्ट.

“या मॅडम,” तो म्हणाला. सरदारभाईंनी पोत्यावरच्या फडक्याने खुर्ची झटकून पुढे केली, आणि आत चहाला सांगितलं.

सुनीती बसली नाही. तिने अहवाल त्याच्या हातात दिला. ती ओळ इंग्रजीत होती. तिने मराठीत वाचून दाखवली. कुटुंबांनी येथे राहू नये.

“हे कधीचं हाय?” अफरोजने विचारलं.

“नोव्हेंबरचं.”

“तुमाले कधी मालूम झालं?”

“नोव्हेंबरातच. माझ्याकडेच आलं होतं. तक्त्यात डी मी लिहिलं. मला सांगितलं होतं तसं लिहायला, पण लिहिलं मी.”

त्याने अहवालाची घडी घातली. मग अफरोजने विचारलं, अगदी हळू, “त्या दिवशी मी पुसलं होतं तुमाले. डी परेंत सेफ हायेत ना, म्हनून. याद हाय?”

“आहे.”

“मी तिले हेच सांगत होतो. जया भाभी म्हने चाल वापस, अन् मी म्हनो, अजून डी हाय, मॅडम सांगतीन. इतवारी तिनं मले पुसलं, आपन मरनार तं नाही ना इथं. मी म्हनलो, नाही.” त्याचा आवाज फुटला नाही. तसाच सपाट राहिला. “तुमी एक फोन केला असता. कंपनीचा नाही. तुमचा.”

तेवढ्यात रौशन चहाचे कप घेऊन आली. आठ वर्षांची झाली होती. सरदारभाईंनी तिच्या हातातून ताटली घेतली, तिला आत पाठवलं आणि चहा खाली, मातीत ओतला. “बाई,” ते म्हणाले, “जे लिवाचं ते लिवून द्या अन् जा.”

वर्कशॉपच्या बिलबुकाच्या मागच्या बाजूला सुनीतीने लिहून दिलं. अहवाल कधी आला, तिने काय केलं, कुणी सांगितलं. नाव, हुद्दा, तारीख, सही. एक प्रत जयाच्या नवऱ्यालाही पाठवली.

पुढचं भराभर झालं. अफरोजने पांढरकवड्याच्या वकिलामार्फत कंपनीला नोटीस दिली. कंपनीने प्रकरण कोर्टात जाऊ दिलं नाही. आठ दिवसांत तो तक्ता एक जानेवारीपासून दुरुस्त झाला, गाव ई झालं आणि उरलेली दोन कुटुंबं पुढच्याच ताफ्याने बाहेर काढली गेली. अफरोजची वसुली रद्द झाली, तिथला कर कंपनीने भरला, रौशनच्या शाळेची फी कंपनीकडे आली. भरपाई म्हणून एक रक्कम ठरली. ती किती ते मला ठाऊक नाही. गिऱ्हाइकाचा हप्ता दोन महिने उशिरा, पण आला. त्या शंभर माणसांपैकी कुणाचेच पगार लटकले नाहीत.

तक्ता दुरुस्त झाला त्याच महिन्यात अफरोजला एक शेवटची पगाराची चिठ्ठी गेली. गाव एक जानेवारीपासून ई ठरल्यामुळे खडतर भत्त्यातला दहा टक्क्यांचा फरक, एक जानेवारी ते नऊ फेब्रुवारी, चाळीस दिवसांचा: सात हजार नऊशे एकोणतीस रुपये. ती चिठ्ठी संगणकानेच काढली होती, कुणी विचार करून नव्हे. अफरोजने ते पैसे परत पाठवले. हिशेब विभागाला ते कुठल्या खात्यात घ्यावे कळेना. म्हणून त्यांनी पुन्हा त्याच्याच खात्यात भरले. त्याने पुन्हा परत केले. मग कुणीतरी ते तसेच पडू दिले.

सुनीतीला कंपनीने गोपनीय कागद बाहेर दिल्याबद्दल काढलं. ती भांडली नाही. सलील सरांची नागपूरच्या ऑफिसात बदली झाली. जाताना ते मला म्हणाले, “तिने मला आधी सांगायला हवं होतं.” त्यांना हे खरंच वाटत होतं.

आता सुनीती दत्त चौकाजवळच्या एका कर सल्लागाराकडे विवरणं भरते. पगार निम्म्याहून कमी आहे. आखाती देशात निघालेली पोरं कधी कधी नेमणुकीचे कागद घेऊन येतात. ती ते वाचते, समजावते, पण अमुक ठिकाण सुरक्षित आहे असं वाक्य तिच्या तोंडून आता निघत नाही. एकाने फारच खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मला माहीत नाही. तिथे राहणाऱ्या बाईला फोन करून विचार.” केळापूरला तिने दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. तिसरं तिने लिहिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात यवतमाळच्या बसस्थानकावर सुनीती आणि मी एका लग्नाला जायला दारव्ह्याच्या गाडीची वाट पाहत होतो. गर्दीतून एक बाई दोन पोरांना धरून आमच्याकडे आली. जया राठोड. दोघींनी एकमेकींना फक्त फोटोत पाहिलं होतं, पण सुनीतीने ओळखलं. जयाने वाकून तिच्या पायाला हात लावला.

“मॅडम, तुमी ते लिवून देल्लं म्हनून आमी आलो,” ती म्हणाली. “हे माये पोट्टे वाचले तुमच्यापायी.”

सुनीतीने पाय मागे घेतले. लहान मुलगा तिच्याकडे टक लावून पाहत होता.

“तू मला डिसेंबरात निरोप पाठवला होतास,” शेवटी ती म्हणाली.

“हो जी.”

“मी ‘पाहते’ असं लिहिलं होतं.”

जयाने मान खाली घातली. तिला ते आठवत होतं. “जाऊ द्या ना मॅडम,” ती म्हणाली, पण तिच्या आवाजात मघाची ऊब राहिली नव्हती. दारव्ह्याची गाडी लागली. मी पिशव्या उचलल्या. सुनीती गाडीत चढली नाही. तिथल्या बाकावर बसून राहिली. मी चौकशी केली तर म्हणाली, पुढच्या गाडीने येते, तुम्ही व्हा पुढे.